टॅलेंट की तारीख?

आधी काही तारखा वाचा. पृथ्वी शॉ, ९ नोव्हेंबर. शुभमन गिल, ८ सप्टेंबर. हार्विक देसाई, ४ ऑक्टोबर. रियान पराग, १० नोव्हेंबर. अभिषेक शर्मा, ४ सप्टेंबर. अनुकूल रॉय, ३० नोव्हेंबर. कमलेश नागरकोटी, २८ डिसेंबर. शिवम मावी, २६ नोव्हेंबर. ईशान पोरेल, ५ सप्टेंबर.

हे नऊ जण ३ फेब्रुवारी २०१८ ला न्यूझीलंडमधल्या माउंट माँगानुईला एकत्र मैदानात उतरले होते. अंडर-१९ वर्ल्ड कपची फायनल होती, समोर ऑस्ट्रेलिया होती आणि आपण आठ विकेट्सनी जिंकलो. कॅप्टन आपला विरारचा पृथ्वी. अकरा जणांच्या त्या टीममधल्या किमान नऊ जणांचा वाढदिवस सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत येतो. चार महिने म्हणजे वर्षाचा एक तृतीयांश भाग. त्या हिशेबाने अकरात तीन, फार तर चार जण असायला हवे होते.

राशीभविष्य वाचणारे म्हणतील, कन्या, तूळ, वृश्चिक, धनू या राशींना क्रिकेटचा योग आहे. पण उत्तर ग्रहांत नाही, बीसीसीआयच्या नियमात आहे. आपल्याकडे ज्युनिअर क्रिकेटचं वर्ष १ सप्टेंबरपासून मोजतात. अंडर-१४ असो, अंडर-१६ असो की अंडर-१९, तुम्ही अमुक साली १ सप्टेंबरला किंवा त्यानंतर जन्मलेले असलात तर आत, नाही तर बाहेर. सप्टेंबरमध्ये जन्मलेलं पोर त्यामुळे आपल्या बॅचमधलं सगळ्यात मोठं ठरतं आणि ऑगस्टमधलं सगळ्यात लहान. बॅचमधल्या या थोरल्यांना निवडीत जो फायदा मिळतो, त्याला क्रीडाशास्त्रात ‘रिलेटिव्ह एज इफेक्ट’ म्हणतात. मराठीत म्हणायचं तर तुलनात्मक वयाचा परिणाम.

तीन पोरं, एक नियम

हे नेमकं कसं घडतं ते एका उदाहरणातून बघू. समजा मुलुंडचा ओंकार ५ सप्टेंबर २०११ चा आहे. घाटकोपरचा नीरज त्याच्याहून फक्त अकरा दिवसांनी मोठा, २५ ऑगस्ट २०११ चा. आणि अंधेरीचा सोहम २५ ऑगस्ट २०१२ चा.

२०२५-२६ च्या सीझनला अंडर-१४ साठी १ सप्टेंबर २०११ ही रेघ धरू. ओंकार चार दिवसांनी आत आला. अंडर-१४ मधलं हे त्याचं शेवटचं वर्ष आणि तो गटातला जवळपास सगळ्यात मोठा. नीरज सात दिवसांनी बाहेर पडला. त्याला आता अंडर-१६ मध्ये जावं लागणार आणि तिथे त्याच्याहून दोन-दोन वर्षांनी मोठी पोरं त्याला बोलिंग टाकणार. दोघांत अंतर अकरा दिवसांचं. पण या सीझनमध्ये एक आपल्या गटातला दादा आहे आणि दुसरा शेंडेफळ.

आता सोहमकडे बघा. कागदावर तो आणि ओंकार एकाच बॅचचे. दोघांचंही अंडर-१४ चं हे शेवटचं वर्ष. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या शेवटी दोघं एकाच ट्रायलला आले, तर ओंकार सव्वाचौदा वर्षांचा असेल आणि सोहम सव्वातेरा वर्षांचा. चाळिशीत एक वर्ष म्हणजे काहीच नाही. पण तेरा-चौदाव्या वर्षी मुलगे आयुष्यात सर्वांत वेगाने उंच होत असतात. या उधाणाच्या काळात वर्षाला आठ ते दहा सेंटिमीटर उंची वाढणं नेहमीचं आहे. उंचीपाठोपाठ खांदे भरतात, ताकद येते. म्हणजे ओंकारच्या हातून जो ड्राइव्ह बाउंड्रीपर्यंत जातो, तोच ड्राइव्ह सोहमने तितक्याच सुंदर टायमिंगने मारला तरी कव्हरच्या फील्डरच्या पुढे जाऊन थांबतो. पिच मात्र दोघांना तेच, बावीस यार्डांचं. ओंकारच्या कमरेला येणारा बाउन्स सोहमच्या छातीवर येतो.

आणि ट्रायल म्हणजे काय असतं, ते ज्यांनी दिलंय त्यांना माहीत आहे. सकाळपासून रांग, गळ्यात नंबर, पॅड बांधून तासन्‌तास बसणं आणि मग नेट्समध्ये मोजकेच बॉल. सिलेक्टरला काही मिनिटांत ठरवायचं असतं. इतक्या कमी वेळात डोळ्यांना सगळ्यात आधी काय दिसतं? बॉलचा वेग, शॉटचा आवाज, थ्रोचा पल्ला. या तिन्ही गोष्टी वयाबरोबर आपोआप वाढतात. नजर, फूटवर्क, कुठला बॉल सोडायचा याची अक्कल, या गोष्टी दिसायला जास्त वेळ लागतो. सिलेक्टर पक्षपाती असण्याची गरजच नाही. तो अगदी प्रामाणिकपणे ‘चांगला’ मुलगा निवडतो. फक्त त्याला जे चांगलं दिसतं, त्यातला काही भाग मुलाचा असतो आणि काही भाग कॅलेंडरचा.

बारा महिन्यांवरचं व्याज

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, ठीक आहे, सोहमही पुढच्या वर्षी सव्वाचौदाचा होईलच की. खरी मेख इथेच आहे.

ओंकारची निवड झाली की त्याच्यासाठी एकेक दार उघडत जातं. उन्हाळ्याच्या सुट्टीतला कॅम्प, चांगल्या टर्फ विकेटवर नेट्स, ताकदवान टीमशी मॅचेस, कोचचं जास्त लक्ष. दोन वर्षांनी अंडर-१६ ची ट्रायल होते, तेव्हा ओंकार सोहमपेक्षा खरोखरच चांगला खेळत असतो. आता फरक फक्त उंचीचा राहिलेला नसतो. शेकडो तासांच्या सरावाचा झालेला असतो. सिलेक्टर पुन्हा ओंकारला घेतो आणि या वेळी त्याचं अजिबात चुकलेलं नसतं. पहिली चूक वयाने केली, दुसऱ्या वेळी ती गुणवत्ता बनून समोर आली. म्हणून अंडर-१९ च्या टीममध्ये १९९८ पासून २००१ पर्यंतच्या वेगवेगळ्या वर्षांची पोरं असली, तरी महिने तेच तेच दिसतात. त्या पायरीवर महिन्यांनी फारसा फरक पडतो असं नाही, पण खालच्या दोन चाळण्यांमधून जे वर आले, त्यांच्यातूनच ही टीम निवडलेली असते.

आणि सोहम? बहुतेक वेळा तो अंडर-१६ च्या ट्रायलपर्यंत पोहोचतच नाही. मधे दहावी येते. बोरिवलीहून किंवा मुलुंडहून किट बॅग घेऊन आझाद मैदान गाठायचं म्हणजे गर्दीच्या लोकलमध्ये रोजचा दोन-अडीच तासांचा प्रवास. तोही त्या वयात, जेव्हा बॅग पोरापेक्षा मोठी दिसते. घरात प्रश्न साधा असतो, “सिलेक्शन झालं का?” उत्तर ‘नाही’ असेल तर क्लासची फी भरली जाते आणि किट बॅग पलंगाखाली जाते. यात आईवडिलांचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की पोरगा मागे पडलेला नाही, तो फक्त अकरा महिन्यांनी लहान आहे.

रेघ सरकवली, पोरं बदलली

आता एक शंका रास्त आहे. आपल्याकडे पावसाळा संपता संपता तसेही जन्म जरा जास्त होतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरवाले जास्त दिसणारच ना? थोडा परिणाम त्याचा असेलही, पण अकरात नऊ इतका मोठा फरक त्याने पडत नाही. दुसरं म्हणजे, एका फायनलच्या टीमवरून नियम सिद्ध होत नाही. त्या फायनलला शतक ठोकणारा मनजोत कालरा जानेवारीचा होता. २०२४ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपचा कॅप्टन उदय सहारन ८ सप्टेंबरचा, पण त्याच टीममधले मुंबईचा मुशीर खान, बीडचा सचिन धस आणि सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी हे तिघेही फेब्रुवारीचे, म्हणजे क्रिकेटच्या वर्षाच्या बरोबर मध्यावरचे.

मग खात्री कशावरून? ती परदेशातून मिळते. १९८० च्या दशकात रॉजर बार्न्स्ली या मानसशास्त्रज्ञाने कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा मांडल्या. तिथे वर्ष १ जानेवारीपासून मोजतात आणि वरच्या ज्युनिअर टीम्समध्ये जानेवारी, फेब्रुवारी, मार्चची पोरं खच्चून भरलेली निघाली. त्याहून पक्का पुरावा बेल्जियमच्या फुटबॉलचा. तिथे पूर्वी १ ऑगस्टची रेघ होती आणि ऑगस्ट-सप्टेंबरची पोरं टीममध्ये जास्त असायची. १९९७ मध्ये रेघ सरकवून १ जानेवारी केली. देश तोच, कोच तेच, आईवडील तेच. तरीही लवकरच ज्युनिअर टीम्समध्ये जानेवारी-फेब्रुवारीची पोरं वाढली आणि ऑगस्ट-सप्टेंबरची घटली. जन्माच्या महिन्यात काही दैवी असतं, तर रेघ हलवल्याने बदललं नसतं.

आपल्या उपनगरांत हा प्रयोग रोजच चालतो, फक्त कोणी तसं बघत नाही. क्रिकेटची रेघ १ सप्टेंबर, तर फुटबॉल आणि हॉकीचे वयोगट १ जानेवारीपासून मोजले जातात. भांडुपला जन्मलेल्या जेमिमा रॉड्रिग्जचा वाढदिवस ५ सप्टेंबरला असतो. म्हणजे क्रिकेटमध्ये ती बॅचमधली थोरली. पण लहानपणी ती महाराष्ट्राकडून हॉकीही खेळली आणि तिथे तीच मुलगी बॅचच्या धाकट्यांत मोडते. ती दोन्हीकडे चमकली, हे तिचं कर्तृत्व. पण सगळीच पोरं जेमिमा नसतात. सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या एखाद्या मुलाला फुटबॉलमध्ये ‘अंग नाही’ म्हणून परत पाठवतात आणि समोरच्याच मैदानावर क्रिकेटमध्ये ‘दणकट आहे’ म्हणून घेतात, असं सहज होऊ शकतं.

मुलींमध्ये हा परिणाम साधारणपणे कमी दिसतो. एक तर त्यांची वाढ मुलग्यांच्या आधी होते, त्यामुळे तेरा-चौदाव्या वर्षी महिन्यांचा फरक तितका ठळक राहत नाही. दुसरं म्हणजे जागांच्या मानाने खेळणाऱ्या मुली अजून कमी आहेत. जागा थोड्या आणि पोरं हजारो, अशी गर्दी झाली की चाळणी बारीक होते आणि मग महिनेसुद्धा निर्णायक ठरतात. मुंबईतल्या मुलग्यांच्या क्रिकेटपेक्षा जास्त गर्दी कुठे असणार?

मग रोहित कसा आला?

बोरिवलीचं नाव निघालं की हा प्रश्न येणारच. रोहित शर्मा ३० एप्रिलचा, म्हणजे क्रिकेटच्या वर्षातल्या आठव्या महिन्यातला. डोंबिवलीहून लोकलने ये-जा करत मोठा झालेला अजिंक्य रहाणे ६ जूनचा, दहाव्या महिन्यातला. सचिन तेंडुलकर २४ एप्रिलचा. शार्दुल ठाकूर आणि सूर्यकुमार यादव मात्र अनुक्रमे ऑक्टोबर आणि सप्टेंबरचे. मोठ्यांच्या टीममध्ये यादी अशी मिसळलेली दिसते.

रोहितचं उदाहरण बारकाईने बघण्यासारखं आहे. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे कोच दिनेश लाड यांच्या नजरेत तो आधी भरला तो ऑफ स्पिनर म्हणून. बॅटिंग नंतर दिसली. ऑफ स्पिनला ताकद कमी आणि बोटांची करामत जास्त लागते. वर्षभराने लहान असलेलं पोरही त्यात मोठ्याला चकवू शकतं. फास्ट बोलरच्या नेटमध्ये तेवढी सूट मिळत नाही.

धाकट्यांबद्दल आणखी एक गोष्ट अभ्यासातून पुढे आली आहे. कॅनडातल्या हॉकीत आणि इंग्लंडमधल्या रग्बी अकादम्यांत असं दिसलं की वर्षाच्या शेवटी जन्मलेली फार थोडी पोरं आत येतात, पण जी टिकतात त्यांच्यातली पुढे मोठी होण्याचं प्रमाण चांगलं असतं. कारण कळायला सोपं आहे. ताकदीवर भागत नसल्याने त्यांना टायमिंग, डोकं आणि चिवटपणा वाढवावाच लागतो. थोरल्याचं मात्र अठराव्या वर्षी सगळ्यांची उंची सारखी झाली की भांडवलच संपतं. पण यावरून ‘लहान असणंच बरं’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे पोहून किनाऱ्याला लागलेल्यांनाच पाण्याबद्दल विचारण्यासारखं आहे. मधेच थांबलेल्या सोहमला कोणी विचारलंय?

वयचोरी वेगळी, हे वेगळं

दोन गोष्टींची गल्लत करू नका. खोट्या जन्मदाखल्यावर मोठं पोर लहान गटात खेळवणं ही वयचोरी. तिच्यासाठी बीसीसीआय अंडर-१६ ला मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतं. टीडब्ल्यू-३ ही त्याची पद्धत. रिलेटिव्ह एज इफेक्टमध्ये मात्र सगळ्यांचे कागद खरे असतात. ओंकारने काहीही चूक केलेली नाही. म्हणून एक्स-रेने हा प्रश्न सुटत नाही आणि ‘सप्टेंबरवाल्यां’कडे संशयाने बघण्याचंही काही कारण नाही.

रेघ सरकवणं हाही उपाय नाही. बेल्जियमने दाखवलंच, रेघ सरकली की फक्त बळी बदलतात. मग करायचं काय? सगळ्यात स्वस्त उपाय नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडला. त्यांनी फुटबॉलच्या स्काउट्सना ज्युनिअर मॅच दाखवली आणि खेळाडूंना क्रम लावायला सांगितलं. नेहमीसारखेच वयाने मोठे खेळाडू वर आले. जन्मतारखांची यादी हातात दिली तरी फरक पडला नाही. मग शर्टांचे नंबरच वयाच्या क्रमाने दिले, म्हणजे नंबर बघताच कोण मोठं आणि कोण धाकटं ते कळावं. तेव्हा कुठे पक्षपात गेला. माहिती कागदावर असून उपयोग नसतो. पोराने शॉट मारला त्याच क्षणी ती डोळ्यांसमोर असावी लागते.

आपल्याकडच्या ट्रायलला गळ्यात नंबर असतोच. आज तो नाव नोंदवलं त्या क्रमाने मिळतो. तो जन्मतारखेच्या क्रमाने दिला तर खर्च शून्य. याचा अर्थ धाकट्याला ग्रेस मार्क द्या असा नाही. सिलेक्टरने एवढंच लक्षात घ्यायचं की १४० नंबरच्या पोराचा शॉट चार नंबरच्या पोराइतकाच लांब गेला, तर त्याची किंमत जास्त आहे. शिवाय पहिल्या निवडीत गळलेल्यांना सहा महिन्यांनी पुन्हा बघायची सोय हवी. तेरा-चौदाव्या वर्षी सहा महिन्यांत पोरगं ओळखू येत नाही इतकं बदलतं.

याला मर्यादाही आहेत. जन्मतारीख एकच असलेल्या दोन मुलांतही एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. ते अंतर नंबराने कळत नाही. त्यासाठी इंग्लंडमधल्या फुटबॉल अकादम्यांनी शरीराच्या वाढीनुसार गट पाडून मॅचेस खेळवून पाहिल्या, ज्याला बायो-बँडिंग म्हणतात. पण त्याला नियमित मोजमापं आणि माणसं लागतात. गल्लोगल्लीच्या कोचिंग कॅम्पला ते परवडणारं नाही.

आता तुमच्यापुरतं. हा परिणाम ओळखायला संशोधक असावं लागत नाही. तुमच्या सोसायटीच्या, शाळेच्या किंवा क्लबच्या अंडर-१४ किंवा अंडर-१६ टीमची यादी घ्या. क्रिकेट असेल तर वाढदिवस चार खणांत टाका: सप्टेंबर ते नोव्हेंबर, डिसेंबर ते फेब्रुवारी, मार्च ते मे, जून ते ऑगस्ट. फुटबॉल असेल तर जानेवारीपासून सुरुवात करा. एका टीमवरून काही ठरवू नका, पाच-सहा वर्षांच्या याद्या एकत्र करा. पहिला खण शेवटच्या खणाच्या दुप्पट निघाला, तर तुमच्या मैदानावरची चाळणी टॅलेंटबरोबर कॅलेंडरही चाळते आहे, हे समजा.

आणि तुम्ही स्वतः जून, जुलै, ऑगस्टचे असाल, चौदाव्या वर्षी ‘अंग नाही’ म्हणून घरी परतला असाल, तर एक लक्षात घ्या. इंटर-युनिव्हर्सिटी स्पर्धांना सतरा ते पंचवीस असा ऐसपैस वयोगट असतो आणि पावसाळ्यातल्या कांगा लीगला तर वयाची रेघच नाही. तिथे अकरा महिन्यांना काही किंमत नाही. कॉलेजची ट्रायल अजून व्हायची असेल, तर पलंगाखालची किट बॅग एकदा बाहेर काढून बघायला हरकत नाही.